श्वेत बटूचं वस्तुमान: प्रोग्रॅम १.४४ ऐवजी ५.८ का देतोय?

रात्रपाळी

श्वेत बटूची आतली रचना काढणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आहे. मध्यबिंदूपासून सुरुवात करून बाहेरच्या दिशेने एकेक थर मोजत जायचं आणि घनता संपली की थांबायचं, इतकी साधी पद्धत. मध्याची घनता वाढवत नेली की वस्तुमान वाढत जातं आणि मग एका आकड्यापाशी अडकतं. म्हणजे चंद्रशेखर मर्यादा दिसते आहे, पण ती १.४४ सूर्याऐवजी ५.८ सूर्यांपाशी दिसते. पायरी लहान करून पाहिली, आकडा हलत नाही.

x म्हणजे इलेक्ट्रॉनचा कमाल संवेग, m_e c च्या पटीत. x = 1 म्हणजे तिथले सर्वांत वेगवान इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या ७१ टक्के वेगाने धावताहेत.

```python
from math import sqrt, pi
G, c, me, u, MU = 6.674e-11, 2.998e8, 9.109e-31, 1.6605e-27, 1.0
B = 9.74e8 * MU            # kg/m^3

def tara(x, dr=100.0):
    r = dr
    m = 4/3*pi*r**3*B*x**3
    while x > 0.01:
        dx = -G*m*MU*u*sqrt(1+x*x)/(me*c*c*r*r*x)*dr
        m += 4*pi*r*r*B*x**3*dr
        x += dx
        r += dr
    return m/1.989e30, r/1000
```

दुसरा प्रश्न जास्त मूलभूत आहे. मर्यादा आकड्यांत दिसते, पण ती *का* येते हे मला अजून कळलेलं नाही. दाबलं की दाब वाढतो. मग आणखी दाबलं तर आणखी वाढायला हवा. अडतं कुठे?

मुग्धा_प

पहिल्याचं उत्तर तुमच्या दुसऱ्याच ओळीत आहे. `MU = 1.0` धरलंय. हा आकडा म्हणजे एका इलेक्ट्रॉनमागे किती न्यूक्लिऑनचं वजन वाहायचं आहे ते. १ हे उत्तर हायड्रोजनसाठी बरोबर आहे, कारण तिथे एका इलेक्ट्रॉनमागे एकच प्रोटॉन. पण श्वेत बटू होईपर्यंत आतला हायड्रोजन जळून गेलेला असतो. उरतो तो हेलियम, किंवा बहुतेकदा कार्बन आणि ऑक्सिजन. कार्बनमध्ये ६ इलेक्ट्रॉन आणि १२ न्यूक्लिऑन, म्हणजे आकडा २.

मर्यादा या आकड्याच्या वर्गाने भागली जाते. ५.८३ भागिले ४ केलं की १.४६ मिळतं. पुस्तकांत १.४४ वगैरे दिसतं ते बारीकसारीक दुरुस्त्या आणि स्थिरांकांमुळे. लोखंडाचा गोळा असता तर ५६/२६ म्हणजे २.१५, आणि मर्यादा १.२६ च्या आसपास आली असती. `MU = 2.0` करून परत चालवा.

असा घोळ होणारे तुम्ही एकटे नाही. १९३१ साली चंद्रशेखरांच्या पहिल्या लेखात छापून आलेली मर्यादा ०.९१ सूर्य होती, कारण त्या वेळच्या समजुतीप्रमाणे त्यांनी हा आकडा २.५ धरला होता. भौतिकी तेव्हाही बरोबर होतं, फक्त ताऱ्याच्या आत काय आहे हे कुणाला नीट माहीत नव्हतं.

शेजवळ

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. इलेक्ट्रॉनवर ऋण विद्युतभार असतो आणि ते एकमेकांना ढकलतात. हाच तो दाब. गुरुत्वाकर्षण फार वाढलं की ते या ढकलण्यावर मात करतं आणि तारा कोसळतो.

पारा

शेजवळ, शेवटचं वाक्य बरोबर आहे, पण दाबाचं कारण विद्युतभार नाही. इलेक्ट्रॉनवर भारच नसता आणि पाउलीचा नियम तेवढा लागू असता तरी हा दाब जवळजवळ इतकाच राहिला असता. आत जितका ऋण भार आहे तितकाच धन भार केंद्रकांवर आहे, त्यामुळे एकूण हिशेब शून्य होतो. उलट, इलेक्ट्रॉन सरासरीने एकमेकांपेक्षा केंद्रकांच्या थोडे जास्त जवळ असतात, म्हणून विद्युत बलामुळे दाब किंचित *कमी* होतो. ही दुरुस्ती १९६१ मध्ये साल्पीटर यांनी नीट मोजली. कार्बनसाठी ती काही टक्क्यांची आहे.

दाब येतो तो जागेच्या टंचाईमुळे. एकाच अवस्थेत दोन इलेक्ट्रॉन बसू शकत नाहीत. प्रत्येकाच्या वाट्याला येणारी जागा जितकी लहान, तितका त्याचा संवेग मोठा. व्याधाच्या जोडीदाराचं उदाहरण घेऊ, कारण त्याचे आकडे पक्के आहेत.

व्याध ब चं वस्तुमान १.०२ सूर्य, त्रिज्या सुमारे ५,८५० किलोमीटर. म्हणजे सूर्याइतका माल पृथ्वीपेक्षा जरा लहान गोळ्यात. सरासरी घनता काढली तर एका घन सेंटीमीटरला सुमारे २.४ टन. त्यातून एका घनमीटरमध्ये ७ वर ३५ शून्यं इतके इलेक्ट्रॉन येतात, आणि एकाच्या वाट्याला साधारण १.१ पिकोमीटर बाजूची खोली. हायड्रोजनचा अणू याच्या शंभरपट रुंद असतो. या खोल्यांत खालपासून वरपर्यंत सगळ्या अवस्था भरत गेलं की सर्वांत वरच्या इलेक्ट्रॉनचा x निघतो १.०७, वेग प्रकाशाच्या ७३ टक्के, गतिज ऊर्जा सुमारे २४० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट.

आता तुलना पाहा. आतलं तापमान एक कोटी केल्विन धरलं तरी उष्णतेची ऊर्जा ०.९ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आत राहते. म्हणजे अडीचशेपटींहून जास्त फरक. म्हणूनच श्वेत बटू थंड होत गेला तरी आकसत नाही. त्याला उष्णतेने धरून ठेवलेलंच नाही.

रात्रपाळी

`MU = 2.0` करून चालवलं. x = 1 ला ०.५१ सूर्य आणि त्रिज्या ९,६०० किमी. x = 2 ला ०.९० आणि साधारण ६,५००. x = 3 ला १.१० आणि ५,०००. x = 10 ला १.४० आणि २,१०० च्या आतबाहेर. त्यापुढे वस्तुमान मुंगीच्या पावलाने १.४६ कडे सरकतं आणि त्रिज्या मात्र झपाट्याने शून्याकडे जाते. मुग्धाताई, आभार.

पण पारा, तुमच्या उत्तराने माझा प्रश्न उलट पक्का होतो. खोली लहान केली की संवेग वाढतो. मग कितीही वजन आलं तरी खोली आणखी लहान होऊन तोल साधला जायला हवा.

ध्रुवमत्स्य

कारण प्रकाशाचा वेग! इलेक्ट्रॉन प्रकाशवेगाला पोचले की त्यांचा वेग आणखी वाढू शकत नाही, त्यामुळे दाब वाढणं थांबतं. तिथेच मर्यादा.

पारा

ध्रुवमत्स्य, रोख बरोबर आहे. पण "दाब वाढणं थांबतं" हे चूक आहे, आणि नेमकी हीच चूक सगळीकडे वाचायला मिळते. दाब वाढतच राहतो. फक्त *पुरेसा* वाढत नाही. "पुरेसा" म्हणजे किती, ते गुरुत्वाकर्षण ठरवतं. म्हणून दोन्ही बाजू मोजाव्या लागतात.

आधी इलेक्ट्रॉनची बाजू. भिंतीवर पडणारा दाब म्हणजे साधारण संख्या गुणिले संवेग गुणिले वेग. गोळा दाबून घनता ८ पट केली (म्हणजे त्रिज्या निम्मी) तर दर घनमीटरमागे इलेक्ट्रॉन ८ पट होतात. खोलीची बाजू निम्मी, म्हणून संवेग २ पट. इलेक्ट्रॉन संथ असतील तर वेगही २ पट. एकूण दाब ३२ पट.

आता गुरुत्वाकर्षणाची मागणी. वस्तुमान तेच ठेवून त्रिज्या निम्मी केली तर ताऱ्याला तोलून धरायला लागणारा मधला दाब त्रिज्येच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे १६ पट. मागणी १६ आणि पुरवठा ३२. म्हणून संथ इलेक्ट्रॉनांचा तारा कितीही वजनाचा असो, थोडा आकसून तोल साधतोच. तुमची शंका या टप्प्यापर्यंत शंभर टक्के बरोबर आहे.

पण इलेक्ट्रॉन प्रकाशवेगाच्या जवळ गेले की संवेग २ पट झाला तरी वेग तोच राहतो. मग दाब ८ गुणिले २, म्हणजे १६ पट. मागणीही १६ पट. आता आकसून काहीच हाती लागत नाही. त्रिज्या हिशेबातून निघूनच गेली. सुरुवातीला तूट असेल तर कितीही आकसलं तरी ती तूट त्याच प्रमाणात उरते. तूट आहे की नाही हे फक्त वस्तुमानावर ठरतं, कारण त्याच घनतेला वस्तुमान वाढलं की मागणी वाढते आणि पुरवठा मात्र तेवढाच राहतो. ज्या एका वस्तुमानाला दोन्ही बरोबर जुळतात, ती चंद्रशेखर मर्यादा.

रात्रपाळी

१६ विरुद्ध १६! हे कुणी असं सांगितलंच नव्हतं. म्हणजे मर्यादा हा एका ठरावीक दाबाचा किंवा घनतेचा उंबरठा नाहीच?

मुग्धा_प

नाही. म्हणूनच तुमच्या प्रोग्रॅममध्ये कुठल्याच x ला तारा "मोडताना" दिसत नाही. मर्यादा अनंत घनतेला, शून्य त्रिज्येला येते.

हे हातानेच तपासून पाहा. `sqrt(1+x*x)` च्या जागी `1` लिहा. एवढ्याने इलेक्ट्रॉनवरची प्रकाशवेगाची अट निघून जाते. मग x = 1 ला ०.६९ सूर्य मिळतील, जे खऱ्या उत्तरापासून फार लांब नाही. पण x = 10 ला सुमारे २२ सूर्यांचा श्वेत बटू तयार होईल आणि तो पुढेही वाढतच राहील. सगळी मर्यादा त्या एका वर्गमुळात आहे.

१९२६ मध्ये फाउलर यांनी हीच वर्गमूळ नसलेली मांडणी केली होती, आणि तिने श्वेत बटूंचं कोडं सुटलं असं सगळ्यांना वाटलं. १९३० च्या जुलैअखेर चंद्रशेखर मुंबईहून बोटीने निघाले, तेव्हा ते १९ वर्षांचे होते. त्या प्रवासात फाउलर यांचा हिशेब सापेक्षतेसह करून पाहताना त्यांना ही मर्यादा दिसली. अँडरसन आणि स्टोनर हेही सारखी घनता धरून तशाच निष्कर्षापाशी पोचले होते, त्यांची नावं मागे पडतात हे बरं नाही. खरी थराथराची रचना धरून हिशेब तडीस नेला तो चंद्रशेखरांनी.

निशाचर_सोलापूर

चर्चा वाचतोय. व्याध ब दुर्बिणीतून कसा बघायचा? माझ्याकडे ८ इंची आरसा आहे. व्याध समोर आला की नुसता उजेडाचा गोळा दिसतो.

पारा

विषय वेगळा आहे, पण थोडक्यात सांगतो. व्याध ब ची प्रत ८.४ आहे, म्हणजे एकटा असता तर छोट्या दुर्बिणीतही सहज दिसला असता. अडचण शेजाऱ्याची आहे. व्याध अ त्याच्यापेक्षा सुमारे दहा हजारपट तेजस्वी आणि अंतर फक्त ११ विकलांच्या आसपास. ही जोडी ५० वर्षांत एक फेरी पूर्ण करते आणि सध्याची वर्षं जास्तीत जास्त अंतराची आहेत. व्याध मध्यमंडलावर असताना, हवा स्थिर असलेल्या रात्री, २५० च्या पुढे वर्धन लावून आणि व्याध अ दृष्टिक्षेत्राच्या कडेबाहेर ठेवून प्रयत्न करा.

त्यापेक्षा ४० एरिडानी ब शोधा. प्रत ९.५, आणि मुख्य ताऱ्यापासून ८० विकलांहून जास्त दूर, त्यामुळे झगमगाटाचा त्रास नाही. ८ इंचीतून तो आरामात दिसेल. वस्तुमान ०.५७ सूर्य. रात्रपाळींच्या तक्त्यात तो x = 1 च्या जरासा पुढे बसतो.

शेजवळ

विद्युतभाराचं पटलं. पण एक अडतंय. व्याध अ दोन सूर्यांचा आहे. मर्यादा १.४४ ची. मग तो मेल्यावर श्वेत बटू होऊच शकणार नाही ना? थेट न्यूट्रॉन तारा?

मुग्धा_प

मर्यादा उरलेल्या गाभ्याला लागू आहे, जन्माच्या वस्तुमानाला नाही. तारे म्हातारपणी बाहेरचे थर मोठ्या प्रमाणावर फेकून देतात. व्याध ब स्वतः जन्मला तेव्हा सुमारे ५ सूर्यांचा होता आणि उरला १.०२. साधारण ८ सूर्यांपर्यंतचे तारे श्वेत बटूच होतात. व्याध अ सुद्धा होईल. सूर्याचा गाभा तर अर्ध्या सूर्याच्या जरा वर उरेल.

ध्रुवमत्स्य

मग शेजारच्या ताऱ्याचा माल ओढून घेणारा श्वेत बटू १.४४ ओलांडतो आणि स्फोट होतो, हे तरी बरोबर ना? Ia प्रकारचा सुपरनोव्हा?

पारा

ओलांडत नाही, तिथपर्यंत पोचतही नाही. रात्रपाळींच्या x = 10 च्या तक्त्याकडे परत जा. तिथे मध्याची घनता घन सेंटीमीटरला सुमारे २०० कोटी ग्रॅम, म्हणजे २,००० टन आहे. इतक्या घनतेला कार्बनची केंद्रकं पेटायला सुरुवात होते. इतर दुरुस्त्या धरून हे १.३८ सूर्यांच्या आसपास घडतं. आणि पेटल्यावर नेहमीच्या ताऱ्यासारखी सुटका नसते. नेहमीचा तारा तापला की फुगतो, फुगला की गार होतो. इथे दाब उष्णतेवर अवलंबूनच नाही, त्यामुळे तापमान वाढतं, ज्वलन आणखी भडकतं, आणि गोळा फुगत नाही. फुगायला लागतो तोवर फार उशीर झालेला असतो. तारा कोसळत नाही, तो पूर्ण उधळला जातो.

कोसळणं खरोखर घडायला गाभा ऑक्सिजन-निऑनचा असावा लागतो. तिथे आधी केंद्रकंच इलेक्ट्रॉन गिळायला लागतात. दाब देणारे इलेक्ट्रॉनच कमी झाले की `MU` वाढतो आणि मर्यादाच खाली येते. म्हणून x = 30, 50 असे तुमचे पुढचे आकडे गणित म्हणून छान आहेत, पण तसा तारा असणार नाही.

रात्रपाळी

मर्यादेच्या अगदी जवळचा असा एखादा खरा तारा मोजलेला आहे का? तक्त्याशी ताडून पाहायचा आहे.

मुग्धा_प

ZTF J1901+1458 पाहा. पालोमारच्या सर्वेक्षणात सापडला, २०२१ मध्ये जाहीर झाला. त्रिज्या सुमारे २,१४० किलोमीटर, म्हणजे चंद्रापेक्षा थोडासाच मोठा. स्वतःभोवती एक फेरी सात मिनिटांच्या आत. वस्तुमान १.३३ ते १.३७ सूर्यांच्या दरम्यान दिलं आहे.

ताडताना एक काळजी घ्या. त्रिज्या तुमच्या x = 10 च्या जवळ बसते, पण तुमचा प्रोग्रॅम वस्तुमान १.४० च्या आसपास सांगतो. दोष तुमचा नाही. तुमच्यात साल्पीटरची विद्युत दुरुस्ती नाही आणि सामान्य सापेक्षताही नाही. दोन्हींमुळे त्याच त्रिज्येला वस्तुमान कमी येतं. शिवाय तो १.३३-१.३७ चा आकडा वजनकाट्यावर तोललेला नाही, तो त्रिज्येवरूनच प्रतिकृती वापरून काढलेला आहे. व्याध ब चं तसं नाही. तिथे कक्षेवरून थेट वस्तुमान मिळतं, म्हणून पारा यांनी त्यालाच पक्कं म्हटलं.

ध्रुवमत्स्य

पण २ सूर्यांहून जड श्वेत बटूंचे स्फोट दिसलेत असं वाचलं होतं. SN 2003fg. मग मर्यादा मोडली नाही का?

पारा

त्या स्फोटाची चमक इतकी होती की तिच्यावरून माल दोन सूर्यांच्या आसपास निघतो. पण त्यासाठी एकच श्वेत बटू तेवढा जड असायला हवा असं नाही. दोन श्वेत बटू एकमेकांत मिसळले तरी तेवढा माल जमतो. सामान्य Ia स्फोटांत कुठला मार्ग जास्त चालतो यावरही अजून एकमत नाही.

मुग्धा_प

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतून २०१३ मध्ये दुसरा मार्ग मांडला गेला होता. प्रचंड चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉनच्या अवस्थांची मांडणीच बदलते आणि मर्यादा २.५८ सूर्यांपर्यंत जाते, असा तो हिशेब. मला तो रोचक वाटतो.

पारा

रोचक आहे, पण मला पटत नाही. तितकं क्षेत्र स्वतःच दाब देतं आणि तोही सगळ्या दिशांना सारखा नाही, त्यामुळे गोल तारा धरून केलेला हिशेब तिथे टिकत नाही. इलेक्ट्रॉन गिळले जाण्याची अडचणही उरतेच.

मुग्धा_प

या आक्षेपांनंतर त्या गटाने गोलाकार सोडून केलेल्या प्रतिकृतीही आल्या आहेत. इतक्यात निकाल लावणार नाही मी.

रात्रपाळी

फिरणं धरलं तर? ZTF J1901 सात मिनिटांत फिरतोय म्हणता. माझ्या प्रोग्रॅममध्ये ते घालता येईल का?

पारा

सात मिनिटं म्हणजे या आकाराच्या ताऱ्याला संथच. तिथे काही फरक पडणार नाही. संपूर्ण गोळा एकसंध फिरत असेल, अगदी विषुववृत्तावरून माल सुटायच्या बेतात असला तरी मर्यादा १.४८ च्या आसपासच जाते. कारण माल जमलाय मध्यापाशी आणि फिरण्याचा फायदा मिळतो कडेला. आतला भाग बाहेरच्यापेक्षा खूप वेगाने फिरत असेल तर मर्यादा बरीच वाढू शकते, पण चुंबकीय क्षेत्र असे थर एकमेकांना बांधून टाकतं. ते किती लवकर, यावर वाद आहे.

तुमच्या प्रोग्रॅममध्ये ते बसणार नाही, कारण तिथे सगळं फक्त r वर अवलंबून आहे आणि फिरणारा तारा चपटा होतो. आधी विद्युत दुरुस्ती घाला. तिला फक्त दाबाच्या सूत्रात एक वजाबाकी लागते. x = 10 ला १.४० चा आकडा किती खाली येतो ते इथे टाका.

रात्रपाळी

करतो. उद्या रात्री आकडे टाकतो. कार्बन आणि ऑक्सिजनसाठी वेगवेगळे काढू का?

मुग्धा_प

काढा. दुरुस्ती केंद्रकाच्या भाराच्या २/३ घाताने वाढते, म्हणजे ऑक्सिजनची कार्बनच्या सुमारे १.२ पट यायला हवी. तशी आली नाही तर सूत्रात कुठेतरी घोळ आहे समजा.